झोपेसाठी कानात काय घालायचे? फोम, सिलिकॉन की मेण

रात्रपाळी करून सकाळी साडेआठला घरी आलेली बाई आडवी होते, तेव्हा वस्ती नुकती जागी झालेली असते. नळावर हंडे आपटतात, शेजारी मिक्सर चालू होतो, कोणी मोबाईलवर मोठ्याने गाणी लावतो, समोरच्या घरात टाइल्स कापायचे मशीन सुरू होते. वर पत्रा आणि मध्ये एका विटेची भिंत. अशा घरात दिवसा झोपायचे म्हणजे काय, हे रात्रपाळी केलेल्यालाच कळते. आम्हीही वॉर्डात अनेक वर्षे रात्रपाळ्या केल्या आहेत, म्हणून आज हा विषय घेतला आहे.

आमच्या विहारात महिलांची आरोग्याची बैठक होते. गेल्या पावसाळ्यात तिथे एक ताई डावा कान चोळत आल्या. त्या एका खाजगी रुग्णालयात साफसफाईच्या कामावर रात्रपाळी करतात. "ताई, कानात कापूस घालून झोपते. आधी नुसता घालायची, आता तेलात बुडवून घालते. आवाज तसाच येतो आणि कान मात्र खाजतो," असे त्यांनी सांगितले. आम्ही विचारल्यावर बैठकीतल्या निम्म्याहून अधिक बायकांनी कापसाचे बोळे वापरल्याचे कबूल केले. म्हणून आमचे मत सुरुवातीलाच सांगून टाकतो. झोपेसाठी कानात कापूस घालणे बंद करा. घालायचेच असेल तर त्यासाठी बनवलेला इअरप्लग घाला. मात्र तो नीट घालायला शिका आणि कोणाच्या कानात तो अजिबात जाता कामा नये, हेही लक्षात ठेवा.

कापूस का चालत नाही

आवाज हवेतून येतो आणि हवा जिथून जाते तिथून तोही जातो. कापसाच्या तंतूंमध्ये हवा खेळती राहते, म्हणून कापसाने फारसा आवाज अडत नाही. दार बंद केले पण खाली दोन बोटांची फट ठेवली, तर शेजारचा टीव्ही ऐकू येतोच. कानाचेही तसेच आहे. नळी सगळ्या बाजूंनी बंद झाली तरच उपयोग होतो.

तेल लावल्यावर तंतू थोडे चिकटतात आणि आवाज जरासा कमी झाल्यासारखा वाटतो. पण कान आतून ओला आणि उबदार राहतो आणि बुरशीला तेच हवे असते. शिवाय कापूस ओढून काढताना त्याचा एखादा पुंजका मागे राहतो. तो काढायला मग पिन, काडी, किल्ली कानात जाते. वॉर्डात असताना कानात विसरलेला कापूस काढायला आलेली माणसे आम्ही पुष्कळ पाहिली आहेत. त्यातल्या अनेकांना तो कापूस कधी राहिला हेही आठवत नव्हते.

फोमचा प्लग: स्वस्त आहे, पण घालण्याची पद्धत आहे

त्या ताईंच्या घरी फोमचे प्लगही होते. नवऱ्याला कंपनीतून मिळालेले, केशरी रंगाचे, दोरीवाले. "ते घालून पाहिले, काही कामाचे नाहीत, उशीवर पडलेले सापडतात," असे त्या म्हणाल्या. आम्ही त्यांना समोर घालून दाखवायला सांगितले. त्यांनी बोळा तसाच कानाच्या तोंडाला लावला आणि बोटाने दाबला. तीन चतुर्थांश प्लग बाहेरच राहिला. चूक प्लगची नव्हती. तो कसा घालायचा हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. कंपन्यांमध्ये प्लगची पिशवी हातात दिली जाते, पण घालून दाखवणारा माणूस क्वचितच असतो.

फोमचा प्लग हळूहळू फुगणाऱ्या स्पंजचा असतो. तो दाबून बारीक करायचा, कानात सरकवायचा आणि आत गेल्यावर तो फुगून नळीच्या आकाराचा होतो. त्यासाठी चार गोष्टी क्रमाने करायच्या.

पहिली, हात साबणाने धुवून पूर्ण कोरडे करायचे. दुसरी, प्लग अंगठा आणि बोटांमध्ये धरून वात वळतो तसा वळायचा. आधी हलक्या हाताने, मग दाब वाढवत. वळून झाल्यावर तो काडीसारखा बारीक आणि गुळगुळीत दिसला पाहिजे. त्याला घडी पडली असेल तर त्या घडीतून आवाज शिरतो, म्हणून तो फुगू द्यायचा आणि पुन्हा वळायचा.

तिसरी गोष्ट लोक सगळ्यात जास्त चुकतात. कानाची नळी सरळ नसते, तिला वळण असते. उजव्या कानात प्लग घालायचा असेल तर डावा हात डोक्यावरून नेऊन उजव्या कानाचा वरचा भाग धरायचा आणि वर व थोडा मागे ओढायचा. त्याने वळण बरेच सरळ होते आणि प्लग सहज आत जातो. वळलेला प्लग लगेच फुगायला लागतो, म्हणून इथे वेळ घालवायचा नाही. चौथी, आत गेल्यावर प्लगच्या टोकावर बोट ठेवून 20 ते 30 सेकंद थांबायचे. थांबला नाहीत तर फुगता फुगता तो बाहेर सरकतो. त्या ताईंचे प्लग उशीवर सापडत होते ते याच कारणाने.

नीट बसला की नाही हे दोन खुणांनी कळते. मोठ्याने एक ते पाच आकडे म्हणा. आपलाच आवाज मडक्यात बोलल्यासारखा घुमला, तर कान बंद झाला. मग दोन्ही तळवे कानांवर घट्ट धरा आणि सोडा. तळव्यांनी आवाज फारसा बदलला नाही, तर प्लग बरोबर बसला आहे. तळवे धरल्यावर आवाज एकदम कमी झाला, तर प्लगच्या बाजूला फट आहे. तो काढून पुन्हा घाला.

मात्र जोर लावून आत ढकलायचा नाही. मोठ्या माणसाच्या कानाची नळी साधारण अडीच सेंटीमीटर लांब असते आणि तिच्या शेवटी पडदा असतो. नळीच्या आतल्या अर्ध्या भागात कातडी अगदी पातळ असून थेट हाडावर असते, म्हणून तिथे जरा लागले तरी कळ येते. प्लगचे मागचे टोक नेहमी बोटाच्या चिमटीत येईल इतके बाहेर राहिले पाहिजे.

आता मापाचा प्रश्न. त्या ताईंना प्लग नीट घालून दिला तेव्हा मिक्सरचा आवाज एकदम दबला आणि त्या हसल्या. पण दोन दिवसांनी सांगितले की तासाभरात कान आतून ठणकतो. त्यांच्या कानाची नळी बारीक होती. बऱ्याच बायकांची ती पुरुषांपेक्षा बारीक असते आणि कंपनीत वाटला जाणारा प्लग एकाच मापाचा असतो. त्यांनी मेडिकलमधून निमुळता, मऊ आणि लहान मापाचा फोम आणला आणि ठणका थांबला. म्हणून प्लग घातल्यावर दुखते याचा अर्थ सवय होईल असा घेऊ नका. माप बदला. कुशीवर झोपणाऱ्यांसाठी आणखी एक साधा उपाय आहे. खालचा कान उशीने बऱ्यापैकी बंद होतोच, तेव्हा प्लग फक्त वरच्या कानात घाला. दोरीवाला प्लग झोपताना वापरू नका, दोरी गळ्याशी गुंतते.

पाकिटावरचा आकडा अर्धा करून वाचा

फोमच्या पाकिटावर एनआरआर असे लिहून पुढे 29 ते 33 च्या दरम्यानचा आकडा असतो. प्लगने किती डेसिबल आवाज कमी होतो, त्याचा तो आकडा. पण तो प्रयोगशाळेत, शिकवलेल्या माणसाने नीट घातलेल्या प्लगचा असतो. कामगारांच्या आरोग्यावर संशोधन करणाऱ्या नायॉश या अमेरिकन सरकारी संस्थेने फोमच्या प्लगसाठी हा आकडा निम्मा धरावा, असा हिशेब सुचवला आहे.

ताईंच्या घराचे उदाहरण घेऊ. दुपारी अकराला आम्ही त्यांच्या खाटेजवळ मोबाईलच्या ॲपवर आवाज मोजला. ॲप अगदी अचूक नसते, पण अंदाज येतो. आकडा 70 च्या आसपास होता. त्यांच्या प्लगवर 32 लिहिले होते, निम्मे म्हणजे 16. म्हणजे कानापर्यंत अंदाजे 54 डेसिबल पोचले. 10 डेसिबल कमी झाले की आवाज साधारण निम्मा झाल्यासारखा वाटतो, तेव्हा 16 ने पडलेला फरक मोठाच आहे. पण झोपायच्या खोलीत आवाज 30 डेसिबलच्या आत असावा, असे जागतिक आरोग्य संघटनेने 1999 साली सांगितले होते. तिथपर्यंत प्लग आपल्याला नेत नाही. प्लग घातल्यावर शांतता होईल अशी अपेक्षा ठेवून कोणी तो आणखी आत ढकलत बसू नये, म्हणून हा हिशेब सांगितला.

डीजेचेही इथेच सांगतो. भांड्यांचा खणखणाट, शिट्टी, लहान मुलांचा किलबिलाट हे बारीक आवाज प्लग चांगले अडवतो. ढोलाचा आणि डीजेचा जाड आवाज तो त्या मानाने कमी अडवतो. शिवाय तो पत्रा, भिंत आणि खाट हलवत अंगात शिरतो. छातीत धडधडणारा आवाज कानात काही घालून थांबत नाही.

सिलिकॉन: एकाच नावाच्या दोन वेगळ्या वस्तू

सिलिकॉनचे प्लग मागितले तर दुकानदार दोनपैकी काहीही देतो, म्हणून आधी फरक समजून घ्या.

पहिला प्रकार घडवलेला असतो. एकावर एक दोन-तीन छत्र्या लावल्यासारखा दिसतो आणि त्याला मागे दांडी असते. तो वळायचा नसतो. कान वर-मागे ओढून, दांडी धरून, हलके फिरवत आत सरकवायचा. त्याचा मोठा गुण म्हणजे तो धुता येतो. कोमट पाणी आणि साधा साबण लावून धुतला, फडक्यावर पूर्ण वाळवला आणि डबीत ठेवला, की महिनोन् महिने चालतो. छत्री फाटली, कडक झाली की बदलायचा. दोष असा की आवाज तो सहसा फोमपेक्षा कमी अडवतो आणि कुशीवर झोपल्यावर दांडी टोचते. काढताना मात्र कधीही झटका देऊ नका. तो हवाबंद बसलेला असतो. झटक्याने ओढला तर आत पोकळी तयार होऊन पडदा बाहेर खेचला जातो आणि कळ येते. दांडी हळू फिरवा, हवा आत जाऊ द्या, मग काढा. फोमलाही हाच नियम.

दुसरा प्रकार मळलेल्या कणकेसारखा मऊ गोळा असतो. तो कानात घालायचाच नसतो. ही गोष्ट इतकी वेळा चुकते की आम्ही ती पुन्हा लिहितो: मऊ सिलिकॉनचा गोळा नळीत ढकलायचा नाही. तो बोटांनी चपटा करायचा आणि कानाच्या भोकावर झाकण लावल्यासारखा बसवून कडा दाबायच्या. त्याची वात करून आत सारली तर तो आत तुटतो, पडद्यापर्यंत जातो, आणि मग काढायला डॉक्टरच लागतो. ज्यांना नळीत काहीही गेलेले सोसत नाही आणि जे कुशीवर झोपतात, त्यांना हा प्रकार बरा पडतो. तो धुता येत नाही. केस, धूळ चिकटते, चिकटपणा कमी होतो. असे दिसले की फेकून द्यायचा. एका माणसाचा गोळा दुसऱ्याने वापरायचा नाही.

मेण: जुना उपाय, आपल्या पत्र्याखाली अडचणीचा

मेणाचे प्लग या सगळ्यांत जुने. मॅक्स नेगवर नावाच्या जर्मन औषध-विक्रेत्याने 1907 च्या सुमारास बर्लिनमध्ये कापसात मुरवलेल्या मेणाचे असे बोळे विकायला सुरुवात केली आणि ते आजही विकले जातात. त्यात मेण आणि व्हॅसलीनसारखे पदार्थ कापसाच्या तंतूंत मिसळलेले असतात. तंतूंमधली हवा मेणाने भरून निघते, म्हणून साध्या कापसाने जे होत नाही ते याने होते.

वापरताना वरचे कापसाचे वेष्टन काढायचे, गोळा तळहातात मऊ होईपर्यंत मळायचा, लहान शंकू करून कानाच्या तोंडाशी बसवायचा आणि कडा दाबून सील करायचे. खोल ढकलायचा नाही. तो अंगाच्या उष्णतेने कानाच्या आकाराचा होतो, दाब जाणवत नाही आणि आवाजही चांगला अडतो. ज्यांना फोमचा दाब सोसत नाही, त्यांना मेण आवडते.

पण आपल्या घरांत अडचण आहे. एप्रिल-मे मध्ये पत्र्याखाली मेण फार मऊ पडते, केसांना आणि उशीला चिकटते, त्यावर धूळ बसते. ते धुता येत नाही, आणि आपल्या मेडिकलमध्ये सहसा मिळतही नाही, मागवावे लागते. म्हणून आमच्या यादीत मेण तिसरे येते. आणि एक कळकळीची विनंती. कोणी मेणबत्तीचे मेण वितळवून घरी गोळे करू नये. ते कडक होते, आत तुटते, गरम असेल तर भाजते.

थोडक्यात आमची निवड अशी. रात्रपाळीवाल्याने दिवसा झोपायचे असेल आणि आवाज मोठा असेल, तर योग्य मापाचा फोम. पैसे पुन्हा पुन्हा खर्च करणे जमत नसेल आणि धुण्याची शिस्त असेल, तर छत्रीवाला सिलिकॉन. नळीत काही सोसत नसेल, तर भोकावर बसवायचा मऊ सिलिकॉन. मेण त्यानंतर, तेही थंडीच्या दिवसांत.

ताईंचा कान का खाजला

प्लगचे माप बदलल्यावर ताईंची झोप सुधारली. पण साधारण वीस दिवसांनी डावा कान पुन्हा खाजू लागला, जड झाला. त्यांना वाटले, तेल सोडले म्हणून कान कोरडा पडला. आम्ही त्यांना महापालिकेच्या रुग्णालयात कान-नाक-घसा विभागात पाठवले. डॉक्टरांनी बुरशी असल्याचे सांगितले, कान साफ केला, थेंब दिले आणि बरा होईपर्यंत प्लग बंद करायला सांगितले.

कारण शोधायला आम्ही त्यांची सकाळ विचारली. कामावरून आल्या की आधी डोक्यावरून अंघोळ, मग लगेच प्लग घालून झोप. प्लग कुठे ठेवता? कामाच्या ॲप्रनच्या खिशात. किती दिवस तोच? आणला तेव्हापासून तोच, मधे एकदा साबणाने धुतला. तीनही उत्तरांत कारण होते. अंघोळीचे पाणी कानात असताना त्यावर बूच बसले. रुग्णालयातल्या ॲप्रनच्या खिशातली घाण प्लगला लागली. आणि फोम धुतल्यावर तो आतून लवकर वाळत नाही, पावसाळ्यात तर नाहीच.

फोम धुऊन वापरायची वस्तू नाही. तो एकदाच वापरून टाकावा, असेच पाकिटावर लिहिलेले असते. रोज नवी जोडी परवडत नाही हे आम्हाला ठाऊक आहे. तेव्हा निदान एवढे पाळा: दोन-चार झोपांनंतर जोडी बदला. मळकट दिसला, चिकट झाला, ओला झाला किंवा वळल्यावर नीट फुगेनासा झाला, तर त्याच दिवशी टाका. ताईंनी आता क्रम बदलला आहे. आधी अंघोळ, मग कानाचा बाहेरचा भाग टॉवेलच्या टोकाने पुसायचा, मग जेवण, आणि अर्ध्या तासाने प्लग. ठेवायला भोके पाडलेली छोटी डबी केली. झोप पाच तासांची, बाकी वेळ कान मोकळा. पुढचे दोन महिने कान शांत होता.

मळाचेही इथेच सांगायला हवे. कानातला मळ ही घाण नाही. तो नळीच्या बाहेरच्या भागात तयार होतो आणि कातडीच्या वाढीबरोबर आपोआप बाहेर सरकतो. रोज प्लग घालणाऱ्याचा मळ बाहेर यायच्या ऐवजी आत ढकलला जातो आणि साठून घट्ट होऊ शकतो. कमी ऐकू येऊ लागले, कान भरल्यासारखा वाटला किंवा गुणगुण सुरू झाली, तर प्लग थांबवा आणि कान तपासून घ्या. काडी, बड्स, हेअरपिन घालू नका आणि रस्त्यावर कान साफ करून देणाऱ्यासमोर बसू नका. प्लगचा तुकडा आत अडकला तरी हाच नियम. चिमट्याने ओढायला गेलात तर तो आणखी आत जातो.

यांच्या कानात प्लग नको

ज्यांचा कान फुटलेला आहे किंवा मधून मधून वाहतो, त्यांनी डॉक्टरला विचारल्याशिवाय काहीही घालू नये. आपल्या वस्त्यांमध्ये लहानपणापासून कान वाहणारी माणसे कमी नाहीत आणि अनेकांना त्याची इतकी सवय झालेली असते की तो आजार वाटतच नाही. बूच बसवले की पू आतच अडतो. कानाचे ऑपरेशन झालेल्यांनाही हेच.

कानापुढच्या छोट्या उंचवट्यावर दाबले किंवा कान ओढला तर दुखते, स्राव येतो, वास येतो, सूज आहे, अशा वेळी प्लग बंद. मधुमेह असलेल्या वडीलधाऱ्यांनी तर विशेष सांभाळावे. त्यांच्या कानाचा संसर्ग हाडापर्यंत जाऊ शकतो. रात्री झोपू न देणारी खोल कळ असेल, तर घरगुती उपाय न करता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

लहान मुलांच्या कानात प्लग घालू नका आणि त्यांच्या हातात प्लग देऊही नका. फोमचा तुकडा आणि सिलिकॉनचा गोळा दोन्ही तोंडात जातात आणि घशात अडकतात. तान्हे बाळ असलेल्या आईने, किंवा घरात आजारी माणूस असताना एकट्याने सांभाळणाऱ्याने, दोन्ही कान बंद करू नयेत. आपल्या गल्ल्यांमध्ये आग लागली, सिलिंडर गळला, पाणी शिरले तर कोणीतरी हाकच मारते. ती हाक ऐकू आली पाहिजे. घरात दुसरे कोणी जागे असेल तरच दोन्ही कानांत प्लग, नाहीतर एकाच कानात. ताईंची मुलगी एक वाजता शाळेतून येते, म्हणून त्यांनी मोबाईल कंपनावर लावून उशीच्या अभ्र्यात ठेवला आहे आणि शेजारणीकडे घराची जादा किल्ली दिली आहे.

कान आपला, पण आवाज कोणाचा?

शेवटी एक गोष्ट. दिवसाच्या मिक्सरबद्दल आम्ही शेजारणीशी भांडणार नाही, तिलाही स्वयंपाक करायचा आहे. टाइल्सवाल्याशी मात्र बोललो. त्याने मशीन दुपारी दोननंतर चालवायचे कबूल केले आणि ताईंच्या झोपेला जेवढा फरक त्याने पडला तेवढा कोणत्याही प्लगने पडला नसता.

रात्रीचे वेगळे आहे. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा ही रात्र धरली जाते आणि निवासी भागात त्या वेळी आवाजाची मर्यादा 45 डेसिबल आहे. त्या वेळेत उघड्यावर लाऊडस्पीकर लावायला बंदी आहे. वर्षातले ठराविक दिवसच सरकार बारा वाजेपर्यंत सवलत देऊ शकते. 112 वर फोन करून तक्रार देता येते. हे नियम दुसऱ्यांच्या मंडपाला जसे लागू आहेत तसे आपल्या कार्यक्रमांनाही आहेत. आपल्याच गल्लीत सकाळी ड्युटीवर जायचे कोणीतरी, बारावीचा अभ्यास करणारे कोणीतरी, छातीत दुखणारे कोणीतरी त्या पत्र्याखाली पडलेले असते. दहा वाजता आपला स्पीकर आपणच बंद केला, तर दुसऱ्याला सांगताना आपला आवाजही खणखणीत राहतो.

प्लग हा थकलेल्या माणसाला पाच तास मिळवून देण्याचा उपाय आहे. तो कोरड्या कानात, स्वच्छ हाताने, बरोबर मापाचा घाला. आणि घरातला कापसाचा बोळा आजपासून फक्त जखम पुसण्यापुरता ठेवा.